शब्दचर्चा : फ्रेंच ‘ओं’, मराठी ‘आपण’ आणि काम नेमके कोणाचे?

प्रश्नकर्ता (पुण्यातून फ्रान्समधील ल्यॉंच्या चमूबरोबर काम करणारा) : बैठकीनंतर मी ल्यॉंला फ्रेंचमध्ये पत्र पाठवले. त्यात दोन वाक्ये होती : ‘ओं रांव्वा ल फिशिए कोरिजे व्हांद्रदी’ आणि ‘लेझाक्से स्रों क्रेए’. म्हणजे, ‘दुरुस्त केलेली फाईल शुक्रवारी परत पाठवू’ आणि ‘प्रवेशाची खाती तयार केली जातील’. शुक्रवार उलटला तरी फाईल गेली नव्हती आणि खातीही उघडली नव्हती. ती मंडळी फाईलची वाट पाहत होती आणि मी खात्यांची. ‘ओं’ म्हणजे ‘आम्ही’ असेच मी शिकलो होतो. मग चूक कुठे झाली?

निवृत्त राजपत्रित अधिकारी : चूक कर्मणी प्रयोगाची आहे. आमच्या कार्यालयात ‘कार्यवाही करण्यात येईल’ असे लिहिले की ती कोण करणार हे कधीच ठरत नसे. सगळे कर्तरीत लिहावे, म्हणजे प्रश्न सुटेल.

फ्रेंचच्या शिक्षिका : सर, तुमचे निदान दुसऱ्या वाक्याला लागू पडते, पहिल्याला नाही. ‘ओं रांव्वा’ हे वाक्य कर्तरीच आहे. त्याला व्याकरणातला कर्ता आहे, पण तो कोणाकडेच बोट दाखवत नाही. ‘ओं’ हा शब्द लॅटिनमधील ‘माणूस’ या अर्थाच्या ‘होमो’ शब्दापासून आला आहे. त्यामुळे तो ‘लोक’, ‘कोणीतरी’, ‘आपण’ आणि प्रसंगी ‘तुम्ही’ या सर्व अर्थांनी येतो, आणि क्रियापद मात्र नेहमी तृतीयपुरुषी एकवचनी राहते. तुमच्या वाक्यात तुम्ही ‘आम्ही पुणेकर’ म्हणत होता. ल्यॉंच्या वाचकाने ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असे वाचले असेल, आणि तेही तितकेच योग्य आहे.

दुसरे असे, की मराठीत ‘मी फाईल पाठवली’ हाही कर्मणी प्रयोगच आहे, आणि तिथे कर्ता समोर उभा असतो. फ्रेंचमधील ‘स्रों क्रेए’ याच्या जवळ जाणारा आपला प्रयोग ‘तयार केली जातील’ हा आहे, ज्यात ‘अमुकाकडून’ हे गाळले तरी वाक्य पूर्ण वाटते. खरा धोका या गाळण्यातच आहे. ‘कडून’ या अर्थाचा फ्रेंच ‘पार’ लावून विभागाचे किंवा व्यक्तीचे नाव दिले, तर हीच रचना जबाबदारी सोपवायला पुरते.

प्रश्नकर्ता : मग ‘ओं’ऐवजी ‘नू’, म्हणजे सरळ ‘आम्ही’, लिहिले तर चालेल का?

फ्रेंचच्या शिक्षिका : मराठी माणसाची खरी फसगत इथेच होते. आपल्याकडे ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो आणि ‘आपण’ म्हटले की तो सामील होतो. फ्रेंच ‘नू’मध्ये हा भेद नाही. म्हणून वाक्याच्या आधी ‘द नोत्र कोते’, म्हणजे ‘आमच्या बाजूने’, किंवा ‘द व्होत्र कोते’, म्हणजे ‘तुमच्या बाजूने’, असे लिहावे, आणि शक्य असेल तर ‘नू’ सोडून ‘ज’, म्हणजे ‘मी’, लिहावे.

एक अनुवादिका : थोडे विषयांतर होईल. ‘ओं नेतारिव्हे’, म्हणजे ‘आपण पोहोचलो’, लिहिताना शेवटी अनेकवचनाचा ‘एस’ लावायचा की नाही? माझ्या अहवालात तो तांबड्या शाईने खोडला गेला.

फ्रेंचच्या शिक्षिका : ‘ओं’ म्हणजे ठरावीक अनेक माणसे असतील तर तो लावतात, आणि तो चूक नाही. मात्र तो ऐकू येत नाही, आणि त्यावरून माणसे किती हेच कळते, कोणत्या बाजूची ते कळत नाही.

ल्यॉंमधील अभियंता : ‘मेर्सी द’ने सुरू होणाऱ्या विनंतीकडेही लक्ष द्या. ‘मेर्सी द व्हालिदे’, म्हणजे ‘कृपया मंजुरी द्यावी’. एका माणसाला लिहिले तर हे नेमके असते, पण वर पाच पत्ते असले की प्रत्येकाला वाटते, दुसरा देईल. मी ती ओळ ज्याच्यासाठी असते त्याचे नाव ओळीच्या आरंभी लिहितो. चूक घडून गेल्यावर मात्र मी मुद्दाम कर्ता गाळतो. ‘फाईलमध्ये चूक राहून गेली’ या अर्थाचे वाक्य इथे सौजन्याचे मानले जाते.

निवृत्त राजपत्रित अधिकारी : पण वरिष्ठांना प्रत असताना कनिष्ठाचे नाव घालून काम सांगणे त्याला चारचौघांत बोलावून घेतल्यासारखे नाही का?

ल्यॉंमधील अभियंता : होऊ शकते. मी आधी त्या व्यक्तीशी बोलतो आणि मग पत्रात ‘त्यांच्याशी ठरल्याप्रमाणे’ असे लिहितो. माझ्या शेजारच्या चमूला हेही कडक वाटते. ते फक्त विभागाचे नाव घालतात, आणि काम कधीकधी त्या विभागातच फिरत राहते.

प्रश्नकर्ता : मी पत्र पुन्हा लिहिले आहे : ‘आमच्या बाजूने, मी दुरुस्त फाईल शुक्रवारी तुम्हाला पाठवतो. तुमच्या बाजूने, बुधवारपर्यंत खाती उघडण्यास तुम्ही संगणक विभागाला सांगू शकाल का?’ फ्रेंचमध्ये दुसरे वाक्य ‘पुऱ्ये-व्हू’ने सुरू केले आहे. ‘से व्हू की’, म्हणजे ‘तुम्हीच’, असे लिहावे का?

फ्रेंचच्या शिक्षिका : इथे नको. ‘से व्हू की’ने कर्ता ठळक होतो खरा, पण पहिल्याच विनंतीत ते ‘हे तुमचेच काम आहे’ असे सुनावल्यासारखे वाटेल. काम कोणाचे याबद्दल आधीच वाद झाला असेल, तर ते शोभते.