कथेसाठी मदत हवी आहे: निबंधाखालचे संदर्भ खोटे आहेत, हे बाईंना कळावे कसे?

अधोरेखित
कथा एका दिवाळी अंकाला पाठवायची आहे आणि ती मध्येच अडली आहे, म्हणून थेट विचारते. एका विद्यार्थ्याचा अत्यंत सफाईदार निबंध तपासताना बाईंच्या लक्षात येते की, त्याखाली दिलेले संदर्भ मुळात अस्तित्वातच नाहीत. हे त्यांना नेमके कशावरून कळेल? ‘भाषा मुलाच्या वयाची वाटत नव्हती’ हे कारण कृपया सुचवू नये.

खडूफळा
विषय कोणता, इयत्ता कोणती आणि बाई शिकवतात काय, यांपैकी काहीच आपण सांगितलेले नाही. गणिताच्या बाईंना जे दिसणार नाही, ते इतिहासाच्या बाईंना पहिल्या ओळीत दिसेल.

तिखटमीठ
शाळांनी नक्कल पकडणारे सॉफ्टवेअर घेतले पाहिजे. आमच्या महाविद्यालयात ते आल्यापासून मुले वचकून असतात.

खडूफळा
ते सॉफ्टवेअर मजकूर दुसऱ्या मजकुराशी ताडून पाहते. जो संदर्भ कोणी मनानेच रचला आहे, तो कशाशीच जुळणार नाही आणि निबंध निर्दोष ठरेल. शिवाय प्रश्न कथेचा आहे.

अधोरेखित
क्षमस्व, हे आधीच लिहायला हवे होते. बाई नववीला इतिहास शिकवतात. निबंधाचा विषय ‘१८७६-७८ चा दुष्काळ आणि पुणे’ असा आहे. काळ २००९ चा ठेवला आहे, कारण कथा आज घडते असे म्हटले तर वाचक पहिल्याच परिच्छेदात उत्तर ओळखेल. निबंध कोणी लिहून दिला, हे मी शेवटपर्यंत सांगणार नाही.

जुना ग्रंथपाल
मग आपले काम सोपे आहे. संदर्भांत ‘केसरी, १८७७’ असे एक टिपण ठेवा. पुण्याचे जुने वर्तमानपत्र म्हटले की केसरी आठवतो, त्यामुळे संदर्भ रचणारा हमखास तेथेच फसेल. केसरी त्या दुष्काळात नव्हताच.

पेठकर
बरोबर. केसरी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलबरोबरच सुरू झाला.

जुना ग्रंथपाल
शाळा जानेवारी १८८० ची, पण केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा आहे. दुष्काळाच्या वेळी पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ होता, तो १८४९ पासून निघत होता. आणि ‘दीनबंधु’ नेमका १८७७ मध्ये सुरू झाला. ज्याने खरोखर जुने अंक चाळले असतील, त्याच्या टिपणांत यांपैकी एखादे नाव आल्यावाचून राहणार नाही.

खडूफळा
येथे मी सहमत नाही. नववीतला मुलगा ज्ञानप्रकाश वाचून घरी येईल आणि सवयीने केसरी लिहील, हे सहज शक्य आहे. एवढ्यावरून बाईंनी त्याला खोटे ठरवले, तर मला बाईच अन्यायी वाटतील.

जुना ग्रंथपाल
आपला आक्षेप रास्त आहे, म्हणून पहिल्या संदर्भावर बाईंनी नुसती पेन्सिलीची खूण करावी आणि दुसरा तपासावा. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा आहे. तो १८८५ मध्ये तीन भागांत निघाला. मुलाने ‘खंड १८, भाग ४’ असे लिहिले असेल, तर बाई नगरवाचनालयात जातील, कपाटातले तिन्ही भाग टेबलावर मांडतील आणि चौथा मागतील. तेथला माणूस चौथा भाग नाही म्हणून सांगेल. तरीही आकडा चुकला असेल, असे म्हणायला जागा उरतेच. म्हणून तिसरा संदर्भ वरकरणी अगदी बरोबर असावा: पुस्तक खरे, भाग खरा, पानही खरे. बाई ते पान उघडतात, तर तेथे दुष्काळाविषयी एक अक्षर नाही. या गॅझेटिअरांत दुष्काळांची हकिकत शेतीच्या प्रकरणात येते, आणि मुलाने दिलेले पान भलत्याच प्रकरणातले निघते. एक चूक गबाळेपणाची असू शकते. पण तिन्ही संदर्भ तीन वेगळ्या तऱ्हांनी पोकळ निघाले, तर ते पुस्तक कोणी हातात धरलेच नव्हते.

तिखटमीठ
एवढे करायला कोणत्या शिक्षिकेला वेळ आहे? एका वर्गात साठ-सत्तर वह्या असतात.

अधोरेखित
तोच कथेतला ताण आहे, त्यामुळे आपले वाक्य मी बाईंच्या सहकाऱ्याच्या तोंडी घालीन. आता पुढची अडचण: मुलाला विचारायचे काय?

खडूफळा
‘हे तू लिहिलेस का?’ असे विचारू नका, तो हो म्हणेल. कच्ची टिपणे मागा. वाचलेल्या मुलाकडे अर्धवट उतरवलेले एखादे वाक्य किंवा निबंधात न वापरलेली एखादी माहिती उरतेच.

जुना ग्रंथपाल
टिपणे रात्रीत तयार करता येतात. त्यापेक्षा ग्रंथ कोठे बसून वाचलास, तो घरी नेऊ दिला का, हे विचारावे. असे जुने खंड सहसा घरी देत नाहीत. मुलाने ‘हो, घरी नेला होता’ असे सांगितले, की बाईंना पुढे काही विचारावे लागणार नाही.

पेठकर
पण निबंधातली माहिती खरी असेल तर? दुष्काळ पडला होता, माणसे मेली, स्थलांतरे झाली, हे कोणीच नाकारत नाही. मग गुण कशाचे कापायचे?

खडूफळा
संदर्भांसाठी राखलेले गुण शून्य, बाकीचे द्यावेत.

जुना ग्रंथपाल
मी सगळाच निबंध परत दिला असता, आणि त्याला गॅझेटिअरच्या त्या प्रकरणातले एक पान स्वतःच्या हाताने उतरवून आणायला सांगितले असते.

अधोरेखित
माझ्या बाई यांपैकी काय करतील, हे अजून ठरत नाही. केसरीची खूण मात्र घेते. फक्त ती पहिली ठेवायची की शेवटची, यावर कोणी मत दिले तर बरे होईल, कारण पुण्याच्या वाचकाला ती लगेच कळेल.