फोंड्याचा प्लॉट विकला, टॅक्स किती?

शशीमामा: फोंड्याचा प्लॉट नोव्हेंबर 2025 मध्ये 44 लाखांना विकला. दलालाने 2 टक्के घेतले, 88,000. एक-चौदाच्या उताऱ्यावर माझं नाव 2024 ला लागलं, म्हणून शेजारी म्हणतो 24 महिने झाले नाहीत, शॉर्ट टर्म लागणार. खरं काय गो नीता?

नीता: सेल डीड कधीचं मामा?

शशीमामा: ऑगस्ट 2008. 6,40,000 आणि स्टॅम्प-रजिस्ट्रेशनचे 45,000.

नीता: मग शेजाऱ्याचं ऐकू नका. म्युटेशन ही नुसती नोंद. महिने तुम्ही प्लॉट घेतलात तेव्हापासून मोजायचे. लॉन्ग टर्मच आहे.

विजूदादा: आणि 12.5 टक्के सपाट.

नीता: थांब रे. प्लॉट 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेला आहे, त्यामुळे 12.5 टक्के सपाट आणि खरेदीला महागाईचा इंडेक्स लावून 20 टक्के, असे दोन्ही हिशेब करून कमी येईल तो टॅक्स भरता येतो. मामा, भराव आणि चिऱ्यांचं कंपाउंड कधी केलंत?

शशीमामा: 2012 च्या डिसेंबरात. दीड लाख.

नीता: बघा मग. 44 लाखांतून आधी दलाली जाते, राहिले 43,12,000. दलालीला इंडेक्स लागत नाही, लोक हमखास तिथेच चुकतात.
सपाट हिशेबात खरेदी 6,85,000 आणि सुधारणा 1,50,000 वजा, नफा 34,77,000, टॅक्स 4,34,625.
इंडेक्सच्या हिशेबात 2008-09 चा आकडा 137, 2025-26 चा 376. खरेदी होते 18,80,000. सुधारणेला तिच्याच वर्षाचा, 2012-13 चा 200 लावायचा, ती होते 2,82,000. नफा 21,50,000, 20 टक्क्यांनी 4,30,000. हा 4,625 ने कमी. वर सेस 4 टक्के.

विजूदादा: इतक्या फरकासाठी एवढी खटपट?

नीता: कंपाउंडचा पुरावा नसला तर काय होतं ते बघ. सपाट 4,53,375 आणि इंडेक्सने 4,86,400. म्हणजे सपाटच घ्यावा लागेल आणि 23,375 जास्त जातील. मामा, बिलं आहेत?

शशीमामा: गवत कापल्याच्या, घरपट्टीच्या पावत्या आहेत.

नीता: त्या सुधारणेत धरत नाहीत. भराव आणि कंपाउंडच्या हव्यात, बँकेतून पैसे दिले असतील तर पासबुकातली नोंदही.

मंगलमामी: मी कशाला यात? सेल डीडवर माझी सही घेतली होती.

नीता: मामी, गोव्याच्या कायद्यानं तुमची दोघांची मालमत्ता सामाईक. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आयकर कायद्याच्या कलम 5A प्रमाणे नफा निम्मा निम्मा, दोघांच्या रिटर्नमध्ये. पूर्ण रक्कम एकट्या मामांच्या रिटर्नमध्ये टाकायची नाही.

मंगलमामी: करार कसला, साधं लग्न आमचं. पण माझं पॅन कपाटात कुठे आहे ते शोधावं लागेल.

शशीमामा: डंपरवाल्याचं बिल सापडलं, 2012 चं. शाई उडालीय, फोटो पाठवतो.