एकट्या अ‍ॅडमिनने जाताना पेज-ग्रुप डिलीट करावेत की सोपवावेत?

रोपवाली: फेसबुकवर माझं रोपविक्रीचं पेज आहे आणि गच्चीवरच्या बागेचा एक ग्रुप. दोन्हीकडे अ‍ॅडमिन मी एकटीच. धंदा थांबवतेय, फेसबुकही सोडायचंय. सरळ डिलीट करू की आधी कुणाला अ‍ॅडमिन करू? ग्रुप मी सुरू केला, म्हणजे बंद करायचा हक्क माझाच ना?

सडेतोड: तुमचाच. डिलीट करा. ज्याला `Full control` द्याल तो उद्या तुम्हालाच काढू शकतो, पेजचं नाव बदलू शकतो, पेज विकूही शकतो. आणि इनबॉक्सचं काय? गिऱ्हाइकांनी घरचे पत्ते, फोन नंबर तुमच्यावर विश्वास ठेवून पाठवले. नवा माणूस ते सगळं वाचणार. त्यांना कुणी विचारलंय?

वाटसरू: एवढा विचार कशाला? अकाउंट बंद करा, दुसरा कुणीतरी आपोआप अ‍ॅडमिन होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तसंच होतं.

जुना मॉडरेटर: व्हॉट्सअ‍ॅपपुरतं खरं आहे. तिथे एकटा अ‍ॅडमिन बाहेर पडला की अ‍ॅपच दुसऱ्या कुणाला तरी अ‍ॅडमिन करतं. फेसबुकचं पेज तसं चालत नाही. पूर्ण ताबा एकाच माणसाकडे असेल आणि त्याने स्वतःचं अकाउंट डिलीट केलं, तर पेजही जातं. ग्रुप मात्र मागे राहतो, पण बिनमालकाचा. सामील व्हायच्या विनंत्या पडून राहतात, फसव्या जाहिराती काढायला कुणी नसतं.

पेजबद्दल सडेतोड यांच्याशी मी सहमत आहे. धंदाच थांबतोय, तर पेज चालवायला दुसऱ्याला देण्यात अर्थ नाही. राहिलेल्या ऑर्डरींना उत्तरं द्या, फोटो-पोस्टची प्रत उतरवून घ्या आणि मग डिलीट करा. मन बदललं तर 30 दिवसांच्या आत रद्द करता येतं.

ग्रुपचं तसं नाही. कुणीतरी जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसतोय म्हणून फोटो टाकतं. एकजण पिठ्या ढेकूण म्हणून ओळखतो, दुसरी कडुनिंबाचं तेल कसं फवारायचं ते सांगते, तिसरा दुपारच्या उन्हात फवारू नका म्हणून बजावतो. यातलं एक अक्षरही अ‍ॅडमिनने लिहिलेलं नाही. ग्रुप डिलीट करायचा म्हणजे एकेका सदस्याला काढून शेवटी स्वतः बाहेर पडायचं. या माणसांचं लिहिलेलं त्यांना न विचारता पुसण्याचा हक्क ग्रुप सुरू करणाऱ्याला आहे, असं मला वाटत नाही.

सडेतोड: आणि इतकी वर्षं फुकट राबल्याचं काय? वर आता वारस शोधायची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात? ग्रुप कायमचा चालेल असं वचन त्यांनी कुणालाही दिलं नव्हतं.

जुना मॉडरेटर: वारस शोधा असं सक्तीने म्हणत नाही. पण आधी सूचना तरी द्यावी. वर पिन केलेली एक पोस्ट टाकावी, पंधरा दिवस थांबावं. कुणी पुढे आलं तर अ‍ॅडमिनपदाचं निमंत्रण पाठवावं. तो ते स्वीकारेपर्यंत तो अ‍ॅडमिन नसतो. बरेच जण इथेच फसतात, निमंत्रण पाठवून निघून जातात. सदस्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे अ‍ॅडमिन दिसतंय का ते बघूनच बाहेर पडावं. शक्यतो दोघांना करावं. कुणीच आलं नाही, तर खुशाल बंद करा. लोकांना आपापलं उतरवून घ्यायला वेळ तरी मिळाला.

तिसरा मजला: आमच्या सोसायटीत हेच झालं. सेक्रेटरी भांडून गेले, जाताना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून सगळ्यांना काढलं. टँकरच्या पाळ्या, प्लंबरचा नंबर, सगळं त्यात होतं. परत कसं मिळवायचं?

जुना मॉडरेटर: काढून टाकलं तरी जुनं चॅट तुमच्या फोनमध्ये राहतं, तुम्ही स्वतः पुसलं नसेल तर. त्याच चॅटमध्ये शोधा. नवा ग्रुप काढून पाळ्यांचा मेसेज तिकडे फॉरवर्ड करा.

सडेतोड: एक सांगायचं राहिलं. ग्रुप सुरू करणारी आत आहे तोवर बाकीच्या अ‍ॅडमिनना तो डिलीट करता येत नाही. ती बाहेर पडली की येतो. म्हणजे सोपवूनही सदस्यांचं लिखाण सुरक्षित राहीलच असं नाही.

जुना मॉडरेटर: हे बरोबर आहे, आणि यावर माझ्याकडे उपाय नाही. म्हणून तर माणूस पारखून घ्यायचा.

रोपवाली: पेज डिलीटला टाकलं. ग्रुपवर सूचना लावली. पहिला मेसेज आला तो खत विकणाऱ्या एका सदस्याचा, "मला करा अ‍ॅडमिन." माणूस माहितगार आहे, पण सगळ्यांना स्वतःचंच खत घ्यायला लावेल अशी भीती वाटते.

जुना मॉडरेटर: त्याला आधी मॉडरेटर करा. पोस्ट मंजूर करणं, सदस्य घेणं-काढणं एवढं त्याला जमेल. ग्रुपच्या सेटिंग बदलणं किंवा दुसऱ्याला अ‍ॅडमिन करणं जमणार नाही. दुसऱ्या खतवाल्यांच्या पोस्ट तो अडवतो का, यावर लक्ष ठेवा. तोवर तुमचं अकाउंट मात्र बंद करू नका.