फ्रँचायझी फी एकदम हातात आली, मग नफ्यात पाच वर्षं का वाटायची?

बाळीवेसकर: आमच्या कडक भाकरी-शेंगा चटणीच्या आउटलेटची पहिली फ्रँचायझी पंढरपूरला दिली. १ ऑक्टोबरला करार झाला, त्याच दिवशी ६ लाख फी आणि वर १८ टक्के जीएसटी जमा. काउंटर आणि भट्टीचा सेट ह्याच फीमध्ये दिला, सुटा विकला तर त्याचे १ लाख २० हजार होतात. दुकान १ जानेवारीला उघडलं, कराराची पाच वर्षं तिथून मोजायची. फी कुठल्याही कारणानं परत मिळणार नाही, असं करारात लिहिलंय. तरी सीए सगळी रक्कम यंदाच्या नफ्यात घेऊ देत नाहीत. मार्चनंतर बँकेकडून सीसी कर्जाचं लिमिट वाढवून घ्यायचं आहे. पैसे माझे झालेत की नाही?

जुना मुनीम: झालेत की ओ मालक. परत द्यायचेच नाहीत तर ते देणं कसलं? हे पाच वर्षांत वाटून घ्यायचं प्रकरण इंड एएस ११५ ह्या हिशेबाच्या मानकाचं. ते लिस्टेड आणि मोठ्या नेटवर्थच्या कंपन्यांना. तुमची भागीदारी फर्म, तुम्हाला एएस ९ हे जुनं मानक. दुकान उघडलं की काम संपलं, सगळी फी उत्पन्नात घ्या.

रेल्वे लाइन्स सीए: इंड एएस ११५ ह्या फर्मला लागू नाही, हे मुनीमकाकांचं बरोबर. पण काम संपलं हे मला अजिबात मान्य नाही. पंढरपूरवाल्यानं ६ लाख कशासाठी दिले? पाच वर्षं तुमचं नाव लावायला, आणि ते नाव तुम्ही सांभाळाल ह्या भरवशावर. उद्या चटणीचा दर्जा घसरला तर त्याचं गिऱ्हाईक तुटेल. म्हणजे तुमचं काम पाच वर्षं चालूच आहे. ठरलेल्या मुदतीत सतत द्यायची सेवा असेल तर उत्पन्न सम प्रमाणात घ्या, हे एएस ९ सुद्धा सांगतं. परताव्याची अट फक्त पैसे परत जाणार नाहीत एवढंच ठरवते, कमाई कधी झाली हे नाही.

आता हिशेब. सेट ही वेगळी वस्तू, ती ताब्यात दिली त्या दिवशी १ लाख २० हजार उत्पन्नात आले. उरले ४ लाख ८० हजार. ६० महिन्यांत महिन्याला ८,०००. सुरुवात १ जानेवारीपासून, कारण त्याआधी त्याला नाव वापरताच येत नव्हतं. मार्चअखेर २४,००० झाले, म्हणजे यंदा एकूण १ लाख ४४ हजार. बाकी ४ लाख ५६ हजार ताळेबंदात देणं म्हणून राहतील, त्यातले ९६,००० पुढच्या वर्षाचे. रॉयल्टी असेल तर ती ह्यात मिसळू नका, ती विक्री होईल तशी येते.

अक्कलकोटचा चहावाला: माझंही असंच आहे! एका ब्रँडला ३ लाख दिले. मीपण पाच वर्षांत वाटून खर्च टाकू ना?

रेल्वे लाइन्स सीए: दादा, तुम्ही फी देणारे, इथे प्रश्न घेणाऱ्याचा आहे. तुमच्या पुस्तकात ती अमूर्त मालमत्ता, मुदतीत वाटून खर्ची टाका. आयकरात मात्र फ्रँचायझीवर साधारण २५ टक्के घसारा मिळतो, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत.

जुना मुनीम: ताई, मग जीएसटी? तो ६ लाखांवर पूर्ण, १ लाख ८ हजार, ऑक्टोबरच्याच रिटर्नमध्ये गेला ना? सरकार एकदम घेतं आणि मालकानं उत्पन्न थेंब थेंब दाखवायचं?

रेल्वे लाइन्स सीए: हो, सेवेची आगाऊ रक्कम आली की जीएसटी लागतो. तो कर कधी भरायचा ह्याचा नियम आहे, नफा मोजायचा नाही. खरी अडचण टीडीएसची. पार्टीनं पूर्ण फीवर कापला असेल, तर जेवढं उत्पन्न ज्या वर्षी दाखवाल तेवढंच क्रेडिट त्या वर्षी मिळतं. बाकीचं पुढे न्यायला विसरलात तर ते अडकतं.

सीसीवाला (निवृत्त बँक अधिकारी): मी लिमिटच्या फायली बघितल्यात. ६ लाख नफ्यात घेऊन पुढच्या वर्षी नवी फ्रँचायझी गेली नाही, तर नफा कोसळलेला दिसतो. मग रिन्यूअलला प्रश्न सुरू होतात. देण्यातले ४ लाख ५६ हजार उसने नाहीत, सेवा देऊन फिटणारे आहेत, हे वेगळ्या ओळीत दाखवा आणि करार फाइलला जोडा.

बाळीवेसकर: आणि तो १४ महिन्यांत दुकान बंद करून गेला तर?

रेल्वे लाइन्स सीए: करार लेखी रद्द झाला आणि तुमच्यावर काही जबाबदारी उरली नाही, की उरलेले ३ लाख ६८ हजार त्याच दिवशी उत्पन्नात. नुसतं शटर खाली आहे म्हणून घ्यायचे नाहीत.

जुना मुनीम: पुस्तकाचं पटतंय. पण आयकर अधिकारी म्हणेल, ही रॉयल्टी आहे, कराराप्रमाणे ऑक्टोबरलाच मिळाली, पूर्ण कर भरा. तेव्हा?

रेल्वे लाइन्स सीए: तो वाद होऊ शकतो, काका, आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. म्हणून पाच वर्षांत आपण काय काय देणार, प्रशिक्षण किती वेळा, तपासणी कधी, मसाल्याचा पुरवठा कसा, हे करारात लिहिलेलं हवं. बाळीवेसकर, तुमच्या करारात ह्यातलं काय आहे?

बाळीवेसकर: फक्त नाव वापरायची परवानगी आणि फी. बाकी सगळं तोंडी ठरलंय.

जुना मुनीम: मग मी म्हणतो त्यातही दम आहे.