धागा: फाउंड्रीत इंटर्न होणाऱ्या मावसभावाला पत्र

शिरोलीकर: मावसभाऊ सोमवारपासून शिरोलीला सँड लॅबमध्ये इंटर्न. त्याचे कोरे सेफ्टी शूज बघून जुनं सगळं आठवलं, म्हणून पत्र लिहिलं. इथेही टाकतो, भर घाला.

बाळ्या,
पहिल्याच दिवशी ओलावा काढायला लावतील. 50 ग्रॅम वाळू घ्यायची, 105 ते 110 अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायची. 48.3 उरली तर 3.4 टक्के. आकडा बरा आला म्हणून निवांत बसू नकोस. तेवढ्याच पाण्यात वाळू आज कोरडी वागेल, उद्या चिकट. बेंटोनाइट आणि बारीक धूळ किती, त्यावर ते ठरतं. म्हणून कॉम्पॅक्टॅबिलिटी बघ. नळीत वाळू चाळणीतूनच पडू दे, बोटाने दाबू नकोस. वरून सपाट करून रॅमरचे तीन ठोके दे. उंची शेकडा जेवढी घटली, तो आकडा.

आता खरी गोम. मिक्सरपाशी 42 आले आणि मोल्डिंग मशीनच्या हॉपरला 34, तर तुझी टेस्ट चुकलेली नाही. परतीची वाळू गरम आहे, पाणी वाटेतच उडालं. मोल्डच्या कडा झडतात, ती वाळू कास्टिंगमध्ये अडकते. तेव्हा नमुना दोन्हीकडून घे, वाळूत थर्मामीटर खुपस. 50 च्या वर असेल तर पाणी वाढवून भागत नाही, आधी वाळू थंड झाली पाहिजे.
– दादा

भावा_नाद_खुळा: एवढं कशाला? मूठ दाबायची, बोटांचे ठसे उठले की वाळू ओके.

शिरोलीकर: भावा, मुठीत अगदी कोरडी नि अगदी ओली कळते. 38 की 44, ते नाही कळत. आणि वहीत काय लिहिणार, 'मूठ ओके'?

कागलची_ताई: ब्लो होल आलं की पाणी कमी करा, हे पण घाला पत्रात.

सँडवाले_काका: ताई, निम्मं बरोबर. आधी खड्डा बघा. आतून गुळगुळीत असेल तर गॅस, खरबरीत आणि आत वाळूचे कण दिसले तर मोल्ड झडलाय. तिथं पाणी कमी केलंत तर रिजेक्शन वाढणार. आणि गॅस असला तरी तो कोअरचा असू शकतो. खड्डे कोअरच्याच बाजूला दिसले तर कोअर नीट भाजलाय का, त्याची हवा जायची वाट मोकळी आहे का, ते बघा.

डिप्लोमा_थर्ड_इयर: स्टायपेंड किती मिळतो? गोकुळ शिरगावला कुणी घेतंय का?

कागलची_ताई: वेगळा धागा काढ बाळा. काका, आमच्याकडे गॅस कोअर न वापरताही येतो, तो पण फक्त दुसऱ्या शिफ्टला.

सँडवाले_काका: दुपारपर्यंत तीच वाळू फिरून तापते. ओल्या गरम वाळूची वाफ थंड पॅटर्नवर घाम धरते. पण कोळशाची पूड जास्त पडली तरी गॅस होतोच. दोन्ही शिफ्टचं तापमान टाका, मग बोलू.

कागलची_ताई: तापमान लिहितच नाहीत आमच्याकडे 😐

भावा_नाद_खुळा: मूठ!!