महाबळेश्वरचं लग्न, ४५ पाहुण्या, 'सगळं मिळून २५ हजार' : घ्यावं का? मदत हवी आहे

कोन_आणि_कागद
मी पुण्यात मेंदीची कामं घेते. आजवर बहुतेक घरगुती आणि शहरातलीच होती, बाहेरगावचं मोठं काम पहिल्यांदाच आलंय. डिसेंबरमध्ये महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टवर लग्न आहे आणि मेंदी त्याच्या दोन दिवस आधी.

नवरीचे हात कोपरापर्यंत दोन्ही बाजूंनी, तळहातावर वर-वधूची आकृती, पाय घोट्यापर्यंत. शिवाय ४५ बायका, दोन्ही हात, एक बाजू, 'साधी मेंदी'. पाहुण्यांचा कार्यक्रम दुपारी ३ ते रात्री ८. माझ्यासोबत दोन मुली असतात. नवरीच्या काकांनी फोनवर "ताई, जाण्यायेण्यासकट २५ हजारांचं पॅकेज करा" असं सांगितलं. नवरीचे मी ८ हजार घेते, म्हणजे पाहुण्यांचे आणि प्रवासाचे मिळून १७ राहतात. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण हिशोब कसा मांडायचा तेच कळत नाहीये. डिझाइनप्रमाणे दर कसे ठरवता आणि प्रवास कसा लावता?

वेलबुट्टी
सरळ हातावर दर लावा. साधा हात १५०, भरीव ३००. ४५ जणींचे ९० हात, १३,५०० झाले. नवरीचे ८, प्रवासाचे ३ धरले तरी २४,५०० होतात. काका बरोबरच सांगतायत की, घेऊन टाका. तासावर दर आपल्याकडे कोणी देत नाही.

शकुताई_सातारा
वेलबुट्टी, गिऱ्हाइकाला सांगताना हातावर दर चालतो, ते बरोबर आहे. पण स्वतःचा हिशोब हातावर केला की ते ९० हात ५ तासांत काढायचे कोणी, हे दिसतच नाही. दोघींनी तर ते होणार नाहीत.

कोन_आणि_कागद, आधी पैसे बाजूला ठेव आणि मिनिटं मोज. साध्या वेलीला एका हाताची एक बाजू १० मिनिटं धर, तुमचा हात चालत असेल तर. ९० हातांची ९०० मिनिटं झाली. आता कार्यक्रम ५ तासांचा म्हणून एका मुलीची ३०० मिनिटं धरू नकोस. खुर्ची बदलते, कोणी बाळाला घेऊन बसते, कोणाला फोटो काढायचा असतो, कोणी तीन डिझाइनं बघून चौथं मागते. तासातली ४५ मिनिटंच कोन हातावर चालतो. म्हणजे एकीची २२५ मिनिटं, आणि ९०० ला चार जणी लागतात.

त्यात तुला स्वतःला मोजू नकोस. नवरीचे हात साधारण ५ तास, पाय दीड तास आणि जेवणाचा अर्धा तास. सकाळी १० ला बसलात तर ५ वाजतात, तेही ती १० ला खरंच बसली तर. म्हणून दोन मुली अजून लागतील. बाहेरगावचा पूर्ण दिवस म्हणून त्यांना तू काय देतेस?

कोन_आणि_कागद
बाहेरगावी असेल तर २,५०० प्रत्येकी. म्हणजे चौघींचे १० हजार??

शकुताई_सातारा
हो, आणि पाच जणी म्हणजे सात सीटची गाडी आली. तिथे एक गोम आहे. पुणे-महाबळेश्वर १२० किलोमीटर, जाऊन-येऊन २४०. पण बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर लावतात. २० रुपयांनी ६ हजार. चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग धरून ७ हजार समज. कोन आणि किरकोळ सामान दीड हजार. बेरीज १८,५००. २५ मधून तुझ्या हाती ६,५०० राहतात. नवरीच्याच कामाला तू ८ घेतेस, म्हणजे पाहुण्यांचं सगळं काम पदरचं घालून केल्यासारखं झालं.

अजून पुढे आहे. हे गाडीवाले दिवस तारखेवर मोजतात, २४ तासांवर नाही. ८ चा कार्यक्रम ९ ला उरकला, ताट पुढे आलं, १० ला निघालात, तर पसरणी घाट उतरून पुण्यात पोचायला रात्रीचा १ वाजतो. तारीख बदलली की दुसऱ्या दिवसाचे ३०० किलोमीटर आणि भत्ता, म्हणजे आणखी साडेसहा हजार. जेवढे उरणार होते तेवढेच गेले.

गुलाबपाणी
प्रवासात कोन खराब होतात का, हा प्रश्न आहे ना? मी घरचे कोन बर्फाच्या डब्यात नेते. आणि डिसेंबरात थंडीने रंग चढत नाही, म्हणून पाहुण्यांसाठी ते लगेच काळा रंग देणारे बाजारचे कोन नेले तर कोणाची तक्रार येत नाही.

शकुताई_सातारा
प्रश्न तो नव्हता, पण थंडीचा मुद्दा खरा आहे. हात गार असला की रंग फिका राहतो आणि लेपही लवकर वाळत नाही. महाबळेश्वरला डिसेंबरात सूर्य कलला की अंगणात बसवतच नाही. म्हणून जागा आतली आणि ऊबदार हवी, हे कबुलीतच लिहून घे.

ते 'लगेच काळे' कोन मात्र नेऊ नका. पानाचा रंग आधी नारिंगी येतो आणि दोन दिवसांत गडद होतो. तासाभरात काळं करणाऱ्या कोनात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी असतं. त्याने फोड येतात आणि ते लगेच नाही, काही दिवसांनी दिसतात. लग्नाच्या दिवशी नवरीकडच्या बाईच्या हाताला फोड आले तर पुढची कामं विसरा. घरचा कोन बर्फात नेणं ठीक आहे, फक्त लावायच्या आधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर रेघ जाड येते.

न्यूजर्सीची_नलू
इथे आम्ही पाहुण्यांचं काम तासावरच घेतो, किमान दोन तास. तेवढ्या वेळात जितके हात होतील तितके. भांडणच नाही.

वेलबुट्टी
तिकडे चालतं हो. इथे शेवटच्या दहा बायका राहिल्या की काकू म्हणणार, "पैसे पूर्ण दिले आणि आमच्या मावशींचे हात कोरे!"

शकुताई_सातारा
दोघींचं थोडं थोडं घे. आत हिशोब तासावर, बाहेर आकडा हातावर. एका मुलीचा तास ८०० धर. मग तुझं खरं पत्रक असं होतं: नवरी ८,०००, चार जणी पाच तास १६,०००, गाडी ७,०००, एकूण ३१,०००.

पण काकांना २५ वरून ३१ वर खेचत बसू नकोस. दर तोच ठेव, काम बदल. पाहुण्यांना एकच हात दिला तर ४५० मिनिटं होतात. त्याला तुझ्या दोन मुली बरोब्बर पुरतात. तिघीच असल्या की लहान गाडी येते, १४ रुपयांनी ४,२०० आणि वर हजार. नवरी ८,०००, दोघींचे पाच तास ८,०००, गाडी ५,२००, मिळून २१,२००. तू ५ ला मोकळी झालीस की ८ पर्यंत तुझी १३५ मिनिटं आहेत. त्यात नवरीच्या आईचे आणि बहिणीचे दोन्ही हात भरीव, हातामागे अर्धा तास. त्याचे तीन तासांचे २,४०० लाव. एकूण २३,६००. काकांच्या आकड्याच्या आत बसलं, घरच्या दोघींना खास काम मिळालं, आणि खर्च जाऊन तुझ्या हाती जवळपास १२ हजार राहतात.

कोन_आणि_कागद
हे डोक्यात आलंच नव्हतं. पण 'साधी' म्हणजे १० मिनिटांची, हे त्यांना कसं पटवू? मागच्या वेळी साधीच ठरली होती आणि प्रत्यक्षात फोनवर कमळ, मोर, जाळी दाखवायला लागल्या.

शकुताई_सातारा
साधी-भरीव या शब्दांवर दर ठेवूच नये. तुझीच बारा डिझाइनं निवड, प्रत्येक घड्याळ लावून खऱ्या हातावर काढ. कागदावर काढू नकोस, कागद हलत नाही आणि बोलत नाही. दहा मिनिटांत बसतील ती ठेव, बाकीची काढून टाक. त्या बारांना नंबर दे आणि तेवढंच पान पाहुण्यांसमोर ठेव. वेळ कशाने वाढतो ते बघितलंस तर दरही आपोआप सुचतो. मोकळी जागा सोडलेली वेल पटकन होते, बारीक जाळी आणि भरलेली बोटं वेळ खातात. आकृती तर वेगळीच, चेहरा बिघडला की पुसून पुन्हा. म्हणून आकृतीचे पैसे नगावर घ्यावेत, हाताच्या दरात धरू नयेत.

आणि ४५ चिठ्ठ्या कर, १ ते ४५. त्या काकूंच्या हाती दे, कोणाला द्यायच्या ते त्या ठरवतील. शेहेचाळिसावी आली की तिला नाही म्हणायचं काम तुझं उरत नाही, आणि मोजणीवरून वादही होत नाही.

मेघमल्हार
शकुताई, मुक्कामाचं काय? मला वाटतं रात्री घाट उतरण्यापेक्षा रिसॉर्टवर एक खोली मागून घ्यावी. डिसेंबरात धुकं असतं.

शकुताई_सातारा
खोली मिळाली तरी गाडीचा दुसरा दिवस लागतोच. शिवाय मुलींच्या घरी विचारावं लागतं. मी तरी कार्यक्रम ७ ला थांबवते आणि ८ ला गाडीत बसते. पण मग ५ चे ४ तास होतात, दोघींना ३६ हातच जमतात. त्यासाठी पाहुण्यांना २ ला बसवावं लागेल, आणि जेवणं उरकून त्या २ ला येतील याची खात्री कोण देणार?

मेघमल्हार
तेच तर. मी मुक्काम धरूनच भाव सांगते. काही कामं त्यामुळे जातात, पण जाऊ देत.

कोन_आणि_कागद
काकांशी बोलले. एक हात आणि आई-बहिणीचं खास काम त्यांना पटलं, २३,६०० ला हो म्हणाले. आता म्हणतायत, गाडीचे ५,२०० वजा करा, आमचीच गाडी पाठवतो. पण ती पहाटे पुण्याहून सामान घेऊन निघणार आणि परतीला 'कोणीतरी सोडेल'.

शकुताई_सातारा
'कोणीतरी' नको. परतीच्या चालकाचं नाव, नंबर आणि निघायची वेळ मेंदीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी येणार असेल तर वजा कर, नाहीतर आपलीच गाडी. आणि अर्धे पैसे इसार म्हणून आताच घे. गाडीवाला बुकिंगलाच आगाऊ मागतो, ते तुझ्या खिशातून जायला नकोत.

वेलबुट्टी
इसार अर्धा? आमच्याकडे दोन हजारांवर कोणी देत नाही.

मेघमल्हार
बाहेरगावाला निदान गाडीभाडं आणि मुलींचा दिवस निघेल एवढा तरी घ्याच. तुमच्या कामात तो १० हजारांच्या वर जातो.

कोन_आणि_कागद
१२ हजार मागते. परतीची गाडी आपलीच ठेवते. पाहुण्यांना २ ला बसवायचं का, ते काकूंना विचारून सांगते.