अनुभव धागा: कोड टाइप न करता प्रोग्रॅमिंगचं लॉजिक, दहा वर्षांच्या मुलांचे खेळ

कोथरूड, आई
लेक पाचवीत आहे, नुकतीच दहा पूर्ण झाली. सुट्टीपासून टॅबवर लाइटबॉट खेळते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: चौकटींवर एक छोटा रोबो असतो आणि त्याला देता येतील असे मोजकेच हुकूम. पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, उडी, दिवा लाव. ते MAIN नावाच्या कप्प्यात ओळीने मांडायचे आणि मग रोबोला चालवायचं. सगळ्या निळ्या चौकटींवर दिवे लागले की पातळी पार. सुरुवातीच्या पातळ्या तिने भराभर संपवल्या. पण PROC1 हा दुसरा कप्पा आला आणि गाडी अडली. त्यात हुकुमांचा एक तुकडा ठेवायचा आणि MAIN मध्ये नुसतं PROC1 लावलं की तो सगळा तुकडा चालतो. MAIN मधली जागा पुरत नाही हे तिला दिसतं, तरी PROC1 ला हात लावत नाही. चार दिवस झाले. तुमच्याकडे हा टप्पा कसा ओलांडला? प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा.

हडपसर, आई
आमच्याकडे क्लासची चौकशी चालू आहे. मुलगा सहा वर्षांचा. क्लासवाले म्हणतात, आत्तापासून पायथन शिकवतो. लावावा का?

सदाशिव पेठ, आजी
नातवाबरोबर मी टॅब न घेता खेळते. मी रोबो, तो मालक. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “आजी, उजवीकडे जा.” मी वळले आणि दोन पावलं पुढेही गेले. तो खूश. पण टॅबवर गेल्यावर त्याचा रोबो नुसता जागच्या जागी वळायचा आणि हा चिडायचा. मग माझ्या लक्षात आलं, आपल्या बोलण्यात ‘उजवीकडे जा’ म्हणजे वळणं आणि चालणं दोन्ही आलं. रोबोला ते वेगवेगळं सांगावं लागतं. आता मी डोळ्यांवर ओढणी बांधते आणि सांगितलं तेवढंच करते. आणखी एक, मी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले की तो हमखास स्वतःचा उजवा हात धरून सांगतो. माझ्या मागे येऊन उभा राहिला की बरोबर सांगतो.

कर्वेनगर, निवृत्त कॉम्प्युटर शिक्षिका
हडपसरच्या ताई, सहाव्या वर्षी आजींनी लिहिलाय तोच खेळ पुरे.

कोथरूडच्या ताईंसाठी माझ्या भाच्याची गोष्ट सविस्तर सांगते. आमच्या हॉलची फरशी दोन फुटी आहे, एक फरशी म्हणजे एक चौकट धरली. बाल्कनीकडे तोंड करून मी उभी, वाट जिन्यासारखी: एक पुढे, उजवीकडे वळ, एक पुढे, डावीकडे वळ. असं चारदा, आणि शेवटच्या फरशीवरचा चेंडू उचलायचा. हुकूम जुन्या पत्रिकांच्या मागे लिहून कार्डं केली. आधी त्याला सगळीच्या सगळी, १७ कार्डं मांडू दिली आणि मी चालून चेंडू उचलला. हे आधी व्हायलाच हवं. लांब वाट एकदा यशस्वी झाल्याशिवाय मूल ती आखूड करायला तयार होत नाही. माझ्या मते तुमची लेक इथेच अडली असणार.

मग मी म्हटलं, आता MAIN मध्ये बाराच कार्डं. त्याने सारखा वाटणारा भाग काढून PROC1 केला, पण तीनच कार्डांचा: पुढे, उजवीकडे वळ, पुढे. MAIN मध्ये चार वेळा PROC1. मी चालले. चौथ्या वेळेनंतर मी जिथून निघाले होते त्याच फरशीवर, बाल्कनीकडेच तोंड करून उभी! त्याला वाटलं मोजण्यात चूक झाली, म्हणून पाचवं PROC1 लावलं. मी तोच फेरा पुन्हा सुरू केला. तेव्हा एकच प्रश्न विचारला: “तुकडा सुरू झाला तेव्हा माझं तोंड कुठे होतं आणि संपला तेव्हा कुठे?” तो पुन्हा एक तुकडा चालवून बघत म्हणाला, “आधी बाल्कनीकडे, नंतर टीव्हीकडे.” मग चौथं कार्ड त्याने स्वतःच लावलं.

```
PROC1: पुढे, उजवीकडे वळ, पुढे, डावीकडे वळ
MAIN:  PROC1, PROC1, PROC1, PROC1, उचल
```

तुकडा संपताना रोबोचं तोंड सुरुवातीला होतं तिकडेच आलं पाहिजे, तरच तो जसाच्या तसा पुन्हा वापरता येतो. हा नियम मी सांगितला नाही, त्याच्या पायाखाली सापडला.

धनकवडी, बाबा
रुबिक क्यूबनेही हेच होतं, वेगळा खेळ कशाला? माझा मुलगा चार हालचाली पाठ करून आहे: उजवी बाजू वर, वरची डावीकडे, उजवी खाली, वरची परत. या चार सहा वेळा केल्या की जुळलेला क्यूब पुन्हा जुळलेलाच मिळतो. अगदी तुमच्या फेऱ्यासारखं.

कर्वेनगर, निवृत्त कॉम्प्युटर शिक्षिका
उदाहरण सुरेख आहे, मी वापरणार. पण क्यूबचा तुकडा त्याला आयता मिळालाय. मी सांगितलेल्या खेळात तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे मूल ठरवतं. तेच शिकायचं आहे.

पिंपळे सौदागर, बाबा
PROC1 चार वेळा तरी कशाला लिहायचं? माझ्या मुलाने PROC1 च्या शेवटी PROC1 च ठेवलं, MAIN मध्ये एकदाच. रोबो चालत राहिला, सगळे दिवे लागले, पातळी पार. म्हणजे लूप त्याला आपोआप कळला.

कर्वेनगर, निवृत्त कॉम्प्युटर शिक्षिका
पुन्हा पुन्हा करणं कळलं, थांबणं नाही. शेवटचा दिवा लागला की तिथे खेळच रोबोला थांबवतो. फरशीवर हेच कार्ड लावा, मी भिंतीला धडकेपर्यंत चालेन. थांबायची अट मुलाने स्वतः लावावी यासाठी मी ब्लॉकली गेम्समधला चक्रव्यूह देते. त्यात ‘मुक्कामाला पोचेपर्यंत’ असा ठोकळा आहे, पुढे ‘वाट असेल तर’ असाही येतो. दहावी, शेवटची पातळी खरंच अवघड आहे, डाव्या भिंतीवरचा हात न काढता चालावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाला तिथे आठवडा लागला तर लागू द्या.

औंध, आई
माझी मुलगी पातळ्या पार करायची, पण कशी केलीस विचारलं तर सांगता यायचं नाही. शेजारी बसून पाहिलं, तर एक हुकूम बदलायचा, चालवायचं, पुन्हा बदलायचं, मध्ये श्वास घेण्याइतकाही वेळ नाही. आता आमचा नियम आहे: चालवण्याआधी रोबो कुठल्या चौकटीवर थांबणार तिथे बोट ठेवायचं. पहिले दोन दिवस रुसली होती. आता बोट चुकलं की स्वतःच मागे जाऊन बघते.

कोथरूड, आई
काल कॅलेंडरच्या पाठीवर पूर्ण वाट लिहून घेतली. तिने सारख्या तुकड्यांना पेन्सिलीने गोल केले, पहिला गोल चुकीचा होता, वळण बाहेर राहिलं होतं. कर्वेनगरच्या बाईंचा तोंडाचा प्रश्न विचारला आणि जमलं. आज पुढच्या पातळीवर मात्र पुन्हा आधी MAIN भरायला बसली.

आंबेगाव, आई
माझी शंका वेगळी आहे. मुलगा लाइटबॉटमध्ये PROC1 सहज वापरतो. पण स्क्रॅच या ठोकळे जोडायच्या प्रोग्रॅमिंगमध्ये चौकोन काढायला बसला आणि ‘चाल, वळ’ चार वेळा लिहून काढलं. जागा संपत नाही ना तिथे! मग जे कळलं ते त्या खेळापुरतंच का?

सिंहगड रोड, बाबा
आमच्याकडेही तेच. नंतर एकदा त्याला अठरा बाजूंची आकृती काढायची होती, चौथ्या बाजूलाच कंटाळला आणि विचारलं, “बाबा, इथे तुकडा कुठे ठेवायचा?” चौकोनाच्या वेळी मी सांगून पाहिलं होतं, तेव्हा ऐकलं नव्हतं.

आंबेगाव, आई
अठरा बाजूंचं आज देऊन बघते. वळण किती अंशांचं, तेही विचारेल. वीस ना?